‘तिकडची नोकरी का सोडताय?’ याचं उत्तर कसं तयार करावं

पहिल्यांदा कंपनी बदलणारी मुलं मुलाखतीला येताना कामाच्या प्रश्नांची तयारी बरी करून येतात. ड्रॉइंग वाचता येतं, गेज माहीत असतात, सेव्हन क्यूसी टूल्स पाठ असतात. मग समोरून साधा प्रश्न येतो, "आहे ती नोकरी का सोडताय?", आणि तिथे गाडी अडते. काही जण साहेबांबद्दल भडाभडा बोलून टाकतात. काही जण "ग्रोथसाठी" एवढं एकच म्हणून गप्प बसतात. या दोन्ही उत्तरांनी नुकसान होतं.

मी चाकण-तळेगाव पट्ट्यात ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांत क्वालिटीचं काम केलं आहे आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो. म्हणून उदाहरण त्याच कामाचं घेतो. तुम्ही बँकेत, आयटीत किंवा दुकानात असाल तरी पद्धत हीच राहते, फक्त कामाचे शब्द बदलतात.

आधी समजून घ्या, हे का विचारतात

विचारणाऱ्याला तुमच्या जुन्या साहेबांचा स्वभाव जाणून घ्यायचा नसतो. त्याला दोन गोष्टींचा अंदाज हवा असतो. पहिली, ज्या कारणाने हा माणूस तिथून निघतोय तेच कारण आमच्याकडेही असेल का, आणि मग हा सहा महिन्यांत पुन्हा निघेल का? दुसरी, हा स्वतःहून निघतोय की त्याला निघायला सांगितलंय?

तुम्ही मॅनेजरवर टीका केली तर या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असेलही, पण दुसरी बाजू सांगायला तो मॅनेजर तिथे बसलेला नसतो. खरं-खोटं ठरवायला काही साधन नाही म्हटल्यावर ऐकणारा तो मुद्दा सोडून देतो, आणि उद्या हा आमच्याबद्दलही असंच बोलेल, एवढी एकच नोंद त्याच्या मनात राहते. आमच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. गाड्या बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांना बरेच व्हेंडर माल देतात, त्यामुळे क्वालिटीची माणसं त्याच त्या कस्टमरच्या प्लांटवर एकमेकांना भेटत असतात. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय ते साहेब समोरच्याचे ओळखीचे असू शकतात.

पायरी पहिली: सगळ्या तक्रारी कागदावर उतरवा

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून मनात आहे तसं लिहा. समजा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, अडीच वर्षं लाइन क्वालिटीला असलेला एक मुलगा आहे. बाहेरच्यांसाठी तीन शब्द आधी सांगतो: पॅट्रोल इन्स्पेक्शन म्हणजे लाइनवर फिरून केलेली तपासणी, एट डी म्हणजे कस्टमरच्या तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा रिपोर्ट, आणि पीपॅप म्हणजे पार्टला कस्टमरची मंजुरी घेण्याची पद्धत. त्या मुलाच्या कागदावर साधारण असं येईल:

- साहेब सगळ्या लाइनसमोर ओरडतात.
- एट डी रिपोर्ट मी बनवतो, कस्टमरपुढे साहेब स्वतःचा म्हणून मांडतात.
- प्रॉडक्शनवाले रिजेक्ट माल पुढे ढकलतात. आपण अडवला तर आपल्यालाच बोलणी.
- अडीच वर्षं पॅट्रोल इन्स्पेक्शनच चाललंय. पीपॅप आणि नवीन पार्टचं काम डेव्हलपमेंट टीम करते.
- महिन्यातले दोन रविवार जातात.
- इन्क्रिमेंट फारच कमी.

हे लिहायचं कारण असं, की न लिहिलेली तक्रार तोंडावाटे निघते. घरी नीट मांडून झाली की मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर ती आपोआप उसळत नाही.

पायरी दुसरी: प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा

उद्या साहेब बदलले तर ही तक्रार उरते का?

पहिली उरत नाही. तिसरी बहुतेक उरत नाही. ज्या कंपनीत वरचा माणूस माल अडवणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, तिथे हा त्रास कमी असतो. म्हणजे या दोन्ही तक्रारी माणसांबद्दलच्या आहेत. त्यांच्यावर काट मारा. त्या खोट्या आहेत म्हणून नव्हे, तर मुलाखतीत त्यांचा उपयोग नाही म्हणून.

चौथी मात्र उरते. साहेब कितीही चांगले आले तरी पीपॅप डेव्हलपमेंट टीमकडेच राहणार, कारण कंपनीने कामाची वाटणी तशी केली आहे. यात कुणाचा दोष नाही, आणि तुमच्या जागेवरून ते काम मिळणार नाही हेही तितकंच खरं. सांगण्याजोगं कारण असंच असतं.

दुसऱ्या ओळीकडे परत एकदा बघा. साहेब श्रेय घेतात ही तक्रार झाली, पण तिच्या पोटात एक भक्कम गोष्ट दडली आहे: एट डी हा मुलगा स्वतः लिहितो. हा अनुभव आहे. तक्रार काढून टाका, अनुभव ठेवा. बऱ्याच जणांच्या कागदावर अशी एखादी ओळ असते आणि रागाच्या भरात ती नजरेतून सुटते. काम तुम्ही केलंत म्हणूनच श्रेय गेल्याचं दुःख झालं ना? मग ते काम सांगा.

रविवारची तक्रारही उरते, पण ती सांगण्याआधी विचार करा. महिनाअखेरीला डिस्पॅच ओढायला रविवारी लाइन चालवणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. नव्या ठिकाणीही तेच असेल तर तुमचं कारण तुमच्याच विरोधात जाईल. पगाराबद्दल पुढे बोलू.

पायरी तिसरी: निवडलेलं कारण नव्या जागेवर ठेवून बघा

कारण खरं असलं तरी ते त्या जागेला लागू पडलं पाहिजे. "मला पीपॅपचं काम करायचंय" असं म्हणालात आणि ती जागा तीन शिफ्टमधल्या इन्कमिंग इन्स्पेक्शनची निघाली, तर समोरचा मनातल्या मनात तुमचं नाव खोडतो. म्हणून जाहिरातीत कामाचं जे वर्णन आहे ते नीट वाचा. वर्णन तोकडं असेल तर एचआरचा पहिला फोन येईल तेव्हा विचारून घ्या: "या पोझिशनला लाइनचं काम किती आणि कस्टमरचं किती असेल?" हा प्रश्न विचारलेला कुणालाही आवडतो.

जागा जुळत नसेल तर कारण वळवून-वाकवून बसवू नका. तुमच्या यादीतली दुसरी एखादी खरी गोष्ट तिथे बसते का ते बघा. एकही बसत नसेल, तर त्या जागेसाठी आपण खरंच निघतोय का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागेल.

पायरी चौथी: तीन वाक्यं बांधा

पहिलं वाक्य, इथे काय शिकलो. दुसरं, या जागेवर काय मिळणार नाही आणि का. तिसरं, तुमच्याकडे ते कुठे दिसतंय. आपल्या मुलाचं उत्तर असं होईल:

"अडीच वर्षं मशिन शॉपच्या लाइनला आहे, पॅट्रोल इन्स्पेक्शन आणि गेजचं कॅलिब्रेशन बघतो, गेलं वर्षभर कस्टमर कम्प्लेंटचे एट डी मी लिहितोय. आमच्याकडे नवीन पार्टचं पीपॅप डेव्हलपमेंट टीमकडे असतं, त्यामुळे लाइन क्वालिटीच्या माणसाला ते काम येत नाही. तुमच्या पोझिशनमध्ये कस्टमर क्वालिटी आणि पीपॅप दोन्ही आहे, आणि मला आता तिकडे जायचंय."

बोलायला पाऊण मिनिटही लागत नाही. यातलं दुसरं वाक्य सगळ्यात नाजूक आहे. तिथे "मला ते काम देत नाहीत" असं म्हटलं असतं तर न देणारा कुणीतरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला असता. "ते काम डेव्हलपमेंट टीमकडे असतं" म्हटल्यावर फक्त कंपनीतली कामाची वाटणी दिसते. माहिती एकच, पण पहिल्या वाक्यात गाऱ्हाणं आहे.

उत्तर लिहून झाल्यावर त्यातले काही शब्द शोधा: नेहमी, कधीच, कुणीच, मुद्दाम, ते लोक, राजकारण. यातला एकही शब्द सापडला तर त्या वाक्यात टीका शिरली आहे. वाक्य नव्याने लिहा.

उलट टोकालाही जाऊ नका. "कंपनी खूपच छान आहे, साहेब देवमाणूस आहेत, वातावरण अगदी घरासारखं" असं ऐकलं की कुणीही विचारणार, मग निघताय कशाला? जास्त साखर पेरली की काहीतरी लपवलं जातंय असा वास येतो. पहिल्या वाक्यात तुम्ही तिथे शिकलेल्या कामाचं नाव घेता, तेवढी कृतज्ञता पुरेशी असते.

तुम्ही दिलेल्या कारणावरच पुढचा प्रश्न येतो

नवख्या मुलांना हे माहीत नसतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. तुम्ही पीपॅपचं नाव घेतलंत की पुढचा प्रश्न पीपॅपवर येणार हे धरून चाला. मी तरी हमखास विचारतो, "लेव्हल तीनला काय काय सबमिट करतात?" पीपॅपच्या सबमिशनच्या पाच लेव्हल असतात. लेव्हल तीनला पार्ट सबमिशन वॉरंट, सॅम्पल पार्ट आणि सगळा आधारभूत डेटा कस्टमरला द्यायचा असतो. काम केलेलं नसेल तरी एवढं वाचून आलेलं असावं. ज्या कामासाठी कंपनी सोडतोय त्याबद्दल काहीच माहीत नाही असं दिसलं, तर ते कारण फक्त सांगण्यापुरतं होतं हे उघड होतं. मग खरं कारण काय, याचा शोध सुरू होतो आणि साहेबांचा विषय निघतोच.

दुसरा प्रश्न येतो, "हे काम तिथल्या साहेबांकडे मागितलं होतं का?" मागितलं असेल तर तसं सांगा: "हो, मार्चच्या अप्रेझलला बोललो होतो. सध्या डेव्हलपमेंटमध्ये जागा नाही म्हणाले." एवढ्यावर थांबा. "पण त्यांनी काही केलंच नाही" हे शेपूट जोडू नका. मागितलं नसेल तर राजीनामा देण्याआधी एकदा मागा. मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर तुमचं कारण पक्कं होतं, आणि उद्या कुणी चौकशी केली तरी तेच ऐकू येतं.

मराठी सुरू झाली की सावध

मुलाखत इंग्रजीत किंवा हिंदीत सुरू होते. दहा-पंधरा मिनिटांनी समोरचा खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "गाव कुठलं तुमचं?" गाव निघतं, कॉलेज निघतं, ओळखीचं कुणीतरी निघतं. मग सहज विचारतो, "काय, तिकडे फार त्रास आहे का? तुमच्या साहेबांचं नाव ऐकलंय आम्ही."

इथे भलीभली मुलं सुटतात. तोपर्यंत इंग्रजी वाक्यं पाठ करून जपलेली असतात. मराठीत बोलायला लागलं की समोर काका बसल्यासारखं वाटतं आणि मन मोकळं होतं. विचारणारा मुद्दाम जाळं टाकत असतो असं नाही, बऱ्याचदा त्याला खरंच आपुलकी वाटत असते. पण त्याच्या हातात फॉर्म असतो आणि तुम्ही गेल्यावर तो भरायचा असतो.

उत्तर साधं ठेवा: "साहेब कामाला कडक आहेत सर. पण एट डी लिहायला मी त्यांच्या हाताखालीच शिकलो. निघायचं कारण मगाशी म्हणालो तेच, पीपॅपचं काम." कडक आहेत हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. त्यानंतर लगेच कामावर या. पुन्हा खोदून विचारलं तरी हेच वाक्य थोडं फिरवून सांगा, नवं काही जोडू नका. दोनदा तेच उत्तर मिळालं की समोरचा विषय बदलतो.

म्हणून सराव ज्या भाषेत मुलाखत होणार त्या भाषेत कराच, पण मराठीतही करा. मित्राला समोर बसवा आणि त्याला साहेबांबद्दल मुद्दाम उचकवायला सांगा. कुठल्या प्रश्नाला तुमचा आवाज चढतो ते त्याला बरोबर कळेल.

आणखी एक पळवाट असते. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हटल्यावर मुलं विचारतात, "तुमच्याकडे रविवारी बोलवत नाहीत ना?" किंवा "इथले साहेब ओरडत नाहीत ना?" ही टीकाच झाली, प्रश्नाचे कपडे घातलेली. कामाचे तास जाणून घेणं तुमचा हक्क आहे, तर सरळ विचारा: "शिफ्ट कशा असतात, आठवड्याची सुट्टी कोणती?"

पगाराचं काय?

पगार हे खरं कारण असेल तर ते सांगायला लाजू नका. फक्त मुख्य कारण म्हणून पुढे करू नका, कारण उद्या कुणी आणखी दोन हजार जास्त दिले तर हा जाईल असं वाटतं. विचारलं तर म्हणा, "पगाराचा विचार आहेच. पण काम तेच असतं तर फक्त पगारासाठी निघालो नसतो." मात्र हे खरं असेल तरच म्हणा. "अडीच वर्षांत पाचशे रुपये वाढवले" असं म्हणू नका, त्याऐवजी सध्याचा आणि अपेक्षित आकडा सांगा. आकडे सांगितले की बाकीचं समोरचा स्वतःच समजून घेतो.

काही कारणं गोडीत सांगता येत नाहीत

पगार थकले असतील तर ते लपवू नका. "गेले तीन महिने पगार वेळेवर झालेला नाही, म्हणून शोधतोय." एवढंच. ही घडलेली गोष्ट आहे, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसते. मालकाने पैसे कुठे घातले, हे त्यापुढे जोडलंत तर मात्र टीका सुरू होते.

कंपनीने राजीनामा द्यायला सांगितलं असेल किंवा माणसं कमी केली असतील, तर "स्वतःहून सोडतोय" असं सांगू नका. बऱ्याच कंपन्या जॉइनिंगच्या आसपास जुन्या एचआरकडे चौकशी करतात. तारीख, पद आणि सोडण्याचं कारण विचारलं जातं. "कस्टमरची ऑर्डर कमी झाली, आमच्या शॉपमधली काही माणसं कमी केली, त्यात मी होतो" या वाक्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

खोट्या रीडिंगवर सही करायला लावत असतील तर ते मुलाखतीत सांगू नका. कस्टमरशी संबंधित गोष्ट बाहेर बोलणारा क्वालिटीचा माणूस कुणालाच नको असतो. "जिथे क्वालिटीला माल थांबवायचा अधिकार आहे अशा ठिकाणी काम करायचंय" असं म्हणता येतं, आणि जाणकाराला त्यातून पुरेसं कळतं.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल तर तो मुलाखतीत सांगण्याची कसलीही सक्ती तुमच्यावर नाही. तुम्ही निवडलेलं कामाचं कारण तेवढं सांगा, त्यात लबाडी काही नाही. पण तक्रार गिळून टाकू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे महिलेला साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नोकरी सोडायच्या घाईत ही मुदत निघून जाऊ देऊ नका.

कागदावरही तेच कारण

मुलाखतीआधी जो फॉर्म भरून घेतात त्यात ‘सोडण्याचे कारण’ असा एक छोटा रकाना असतो. पोरं तिथे "वैयक्तिक" लिहितात आणि आत जाऊन पीपॅप सांगतात. समोरच्याच्या हातात दोन वेगळी कारणं पडतात. रकान्यात लिहा: "कस्टमर क्वालिटी व पीपॅपच्या कामासाठी." एचआरला फोनवरही हेच सांगितलेलं असू द्या.

राजीनाम्यात कारण सविस्तर देण्याची गरज नाही. एवढा मजकूर पुरतो: "मी क्वालिटी इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील नोटीस कालावधीप्रमाणे माझा शेवटचा दिवस अमुक तारखेला असेल. चालू कामाचे हस्तांतरण मी त्याआधी पूर्ण करेन. इथे मिळालेल्या अनुभवाबद्दल आभार." हे ईमेलने पाठवा, साहेब आणि एचआर दोघांनाही, म्हणजे तारीख नोंदली जाते. नोटीस किती दिवसांची आहे ते नियुक्तिपत्रात बघून घ्या, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

मग शेवटच्या आठवड्यात एचआर बोलावून घेतात. "आता जाताच आहात, खरं काय ते सांगा." मोह होतो. माझं मत असं: जे तुम्ही नोकरीत असताना साहेबांना किंवा एचआरला लेखी कळवलं होतं, तेच इथे परत सांगा, कामाच्या भाषेत. उदाहरणार्थ, "लाइनवर रिजेक्ट माल ठेवायला कुलूपबंद जागा नाही, हे मी जूनमध्ये मेलवर कळवलं होतं." जे कधी बोलला नाहीत ते जाता जाता बोलू नका. तुमचं रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि फुल अँड फायनलचा हिशेब अजून त्यांच्याकडून यायचा असतो, आणि नव्या कंपनीकडून चौकशीचा फोन आला तर तो बहुधा याच टेबलावर वाजतो.